पैसे कटले पण तिकिटाचा मेसेज नाही: आजोबांचं तिकीट कसं शोधलं, पायरी पायरीने

रेल्वेचं तिकीट ऑनलाइन काढलं, बँकेचा पैसे कटल्याचा मेसेज आला आणि तिकिटाचा मात्र काहीच पत्ता नाही, ही वेळ कधी ना कधी सगळ्यांवर येते, पण घरातल्या म्हाताऱ्या माणसावर आली की त्याची झोप उडते. माझ्या आजोबांचं तेच झालं. सांगलीहून नागपूरला आत्याकडे जायचं होतं, महाराष्ट्र एक्स्प्रेस (11039, कोल्हापूर ते गोंदिया), थ्री टियर एसी, एकटेच. तिकीट त्यांनी स्वतः मोबाइलवर आयआरसीटीसीच्या अॅपमधून काढलं, वय 74, पण मोबाइल त्यांना बऱ्यापैकी येतो. पैसे भरताना यूपीआयचा पिन टाकला आणि नेमका त्याच वेळी कुणाचा तरी फोन आला, तो घेतला, परत अॅपमध्ये गेले तर सेशन संपलेलं. बँकेचा मेसेज होता, तिकिटाचा नव्हता. शेजारच्या काकांनी सल्ला दिला की अॅप डिलीट करून परत टाका आणि तिकीट नव्याने काढा. आजोबांनी पहिलं केलं, दुसरं करायच्या आधी मला पुण्याला फोन लावला. "पैसं गेलं रे, तिकीट काय आलं न्हाई, परत काढू का?"

तर उत्तर आहे, परत काढायचं नाही. निदान लगेच तरी नाही. खाली जे लिहितोय ते नवीन लोकांसाठी आहे, ज्यांना हे पहिल्यांदा होतंय, आणि ज्या क्रमाने मी शोधलं त्याच क्रमाने लिहितोय कारण क्रम चुकला की माणूस गोल गोल फिरत बसतो.

आधी हे समजून घ्या की तिकीट बनतं कधी

बऱ्याच जणांना वाटतं की आपण नाव टाकलं, बर्थ दिसला म्हणजे तो आपल्यासाठी धरून ठेवलाय आणि पैसे भरणं ही फक्त औपचारिकता आहे. तसं नाहीये. पैसे भरेपर्यंत तुमच्यासाठी काहीही धरून ठेवलेलं नसतं. तुम्ही पिन टाकता, बँक पैसे कापते, मग "पैसे मिळाले" असा निरोप बँकेकडून आयआरसीटीसीच्या सर्व्हरला जातो, आणि त्यानंतर रेल्वेच्या आरक्षणाच्या सिस्टीममध्ये (ती सिस्टीम क्रिस नावाची रेल्वेचीच संस्था चालवते) खरं बुकिंग होतं आणि 10 अंकी पीएनआर पडतो. मेसेज आणि ईमेल हे त्याच्याही नंतरचं.

म्हणजे बघा, साखळीत बँक, आयआरसीटीसी, क्रिस आणि शेवटी मेसेज असे चार टप्पे आहेत आणि तुमचा मोबाइल यातल्या फक्त पहिल्या टप्प्याला लागतो. पिन टाकून झाल्यावर मोबाइल बंद पडला, फोन आला, नेट गेलं, तरी पुढचं काम सर्व्हर टू सर्व्हर होऊ शकतं. त्यामुळे स्क्रीनवर एरर दिसली याचा अर्थ तिकीट झालं नाही असा होत नाही, आणि बँकेचा मेसेज आला याचा अर्थ तिकीट झालं असाही होत नाही. दोन्ही बाजूने माणूस फसतो.

मग शक्यता उरतात तीन. एक, तिकीट झालंय पण मेसेज भलतीकडे गेलाय. दोन, पैसे कटले पण तिकीट झालं नाही, पैसे परत येणार. तीन, पैसे आयआरसीटीसीला गेलेच नाहीत, दुसऱ्याच कुणाला गेलेत. आपल्याला फक्त यातली कुठली ते शोधायचंय.

आणि परत का नाही काढायचं? कारण पहिली शक्यता असली तर तुमची दोन तिकिटं होतात. थ्री टियर एसीचं कन्फर्म तिकीट रद्द केलं तर माणशी कमीत कमी 180 रुपये कापतात, स्लीपरला 120, गाडीची वेळ जवळ येईल तशी कपात वाढत जाते, आणि सुविधा शुल्क तर परत मिळतच नाही. दहा मिनिटं शोधलं तर हे वाचतं.

पायरी 1: बँकेचा मेसेज नीट वाचा, पैशांपर्यंत

मी आजोबांना पहिलं हे सांगितलं की बँकेचा मेसेज उघडा आणि मला रक्कम पैशासकट वाचून दाखवा. ते म्हणाले "पैशाचं काय करायचंय तुला", पण तिथेच पहिला धागा मिळतो.

आयआरसीटीसीवर स्वतःच्या अकाउंटवरून यूपीआयने एसीचं तिकीट काढलं की 20 रुपये सुविधा शुल्क लागतं, त्यावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 23 रुपये 60 पैसे. (नॉन एसीला 10 रुपये अधिक जीएसटी, म्हणजे 11.80. कार्ड किंवा नेटबँकिंगने भरलं तर एसीला 30 आणि नॉन एसीला 15, वर जीएसटी.) प्रवास विमा घेतला असेल तर माणशी 45 पैसे अजून. आजोबांनी विमा घेतलेला. 23.60 अधिक 0.45 म्हणजे 24 रुपये 05 पैसे. रेल्वेचं भाडं 5 च्या पटीत असतं, त्यामुळे त्यांच्या एकूण रकमेच्या शेवटी 4.05 किंवा 9.05 यायला पाहिजे. आजोबांनी वाचलं, शेवटी 05 पैसे होते. म्हणजे पूर्ण तिकिटाचे पैसे गेलेत, विम्यासकट. पुरावा म्हणून हे पक्कं नाही, पण दिशा बरोबर आहे एवढं कळतं.

त्याच मेसेजमध्ये 12 अंकी यूपीआय रेफरन्स नंबर असतो. तो कागदावर लिहून ठेवा, तारीख आणि वेळ पण लिहा. स्क्रीनशॉट काढला तर अजून चांगलं. पुढे कुठेही तक्रार करायची वेळ आली तर पहिला प्रश्न हाच असतो.

पायरी 2: पैसे कुणाला गेले ते यूपीआय अॅपमध्ये बघा

बँकेच्या मेसेजमध्ये कधी नाव नीट असतं कधी नसतं, म्हणून ज्या अॅपने पैसे भरले त्याची हिस्टरी उघडायची आणि तो व्यवहार दाबायचा. तिथे दोनच गोष्टी बघा. स्टेटस काय आहे आणि समोरचा कोण आहे.

स्टेटस पेंडिंग असेल तर थांबा, काहीही करू नका, बऱ्याचदा ते थोड्या वेळात इकडे किंवा तिकडे होतं. फेल असेल आणि पैसे तरी कटलेले असतील तर ते बँकेकडूनच परत येतात. सक्सेस असेल तर समोरचं नाव वाचा. आयआरसीटीसी असेल तर पायरी 3 वर जा. एखाद्या माणसाचं किंवा दुकानाचं नाव असेल तर प्रकरण वेगळं आहे, त्याबद्दल शेवटी लिहिलंय, सरळ तिकडे जा.

आजोबांचं सक्सेस होतं आणि समोर आयआरसीटीसीच होतं. म्हणजे तिसरी शक्यता गेली, राहिल्या दोन.

पायरी 3: मेसेज आलाय पण दिसत नाहीये का, हे एकदा तपासा

याला दोन मिनिटांपेक्षा जास्त देऊ नका. अँड्रॉइडच्या मेसेज अॅपमध्ये Spam & blocked म्हणून वेगळा कप्पा असतो, तिथे कामाचे मेसेजही जाऊन पडतात. ईमेलमध्ये स्पॅम आणि प्रमोशन दोन्ही बघा, आणि जीमेलची 15 जीबी जागा भरलीये का तेही बघा, कारण जागा पूर्ण भरली की नवीन मेल येणंच बंद होतं आणि तुम्हाला वाटतं समोरच्याने पाठवलंच नाही. म्हाताऱ्या माणसांच्या फोनमध्ये ही जागा गुड मॉर्निंगच्या फोटोंनी भरलेली असते, फोटो आपोआप बॅकअपला जातात आणि कुणाला कळतही नाही. आजोबांच्या फोनमध्ये स्पॅममध्ये काही नव्हतं, आणि ईमेल कुठला दिलाय हे त्यांना आठवतच नव्हतं. ही आठवत नसण्याची गोष्ट लक्षात ठेवा, पुढे कामाला येते.

पायरी 4: अकाउंटमध्ये शिरा, खरं उत्तर तिथेच आहे

इथे सगळ्यात जास्त लोक अडकतात. कारण पीएनआर माहीत नसेल तर नाव, गाडी, तारीख सांगून तिकीट शोधायची सोय सर्वसामान्य प्रवाशाला कुठेच नाही. 139 वर स्टेटस विचारायचं तर पीएनआर लागतो, वेबसाइटवर पीएनआर लागतो, स्टेशनवरच्या मशीनला पीएनआर लागतो. आणि पीएनआर तर त्या न आलेल्या मेसेजमध्ये आहे! त्यामुळे ज्या अकाउंटवरून तिकीट काढलं त्याची बुकिंगची यादी उघडणं हाच खरा रस्ता आहे.

आजोबांनी अॅप डिलीट केलेलं त्यामुळे लॉगिन गेलेलं. अॅप उघडायचा चार आकडी एमपिन त्यांना पाठ होता, पण अॅप नव्याने टाकलं की आधी युजर आयडी आणि पासवर्ड मागतं. युजर आयडी डायरीत होता (आजोबांच्या डायरीत गॅसच्या नंबरापासून सगळं असतं), पासवर्ड नव्हता. लॉगिनच्या खाली FORGOT ACCOUNT DETAILS? असं असतं, ते दाबून बघितलं, पण त्याचा ओटीपी जातो अकाउंटला जोडलेल्या नंबरावर किंवा ईमेलवर, आणि आजोबांच्या फोनवर काहीच येईना.

इथे मला पहिल्यांदा कळलं की घोळ कुठे आहे. ओटीपी येत नाही म्हणजे अकाउंटला नंबर दुसरा आहे, आणि नंबर दुसरा असेल तर तिकिटाचा मेसेज पण त्याच दुसऱ्या नंबरावर गेला असणार! कारण तिकीट काढताना प्रवाशांच्या नावाखाली जो मोबाइल नंबरचा रकाना असतो तो अकाउंटमधल्या नंबराने आपोआप भरलेला येतो, आणि तो कोण वाचून बघतो.

पासवर्ड मिळाला तो क्रोममधून. आजोबा पूर्वी वेबसाइटवरून लॉगिन करायचे तेव्हा फोनने "पासवर्ड सेव्ह करू का" विचारलेलं आणि त्यांनी हो म्हटलेलं. क्रोम उघडा, वरचे तीन ठिपके, Settings, मग Google Password Manager, तिथे irctc लिहून शोधा, फोनचं लॉक मागेल ते उघडलं की पासवर्ड दिसतो. असं काही सेव्ह नसेल तर घरात अजून कुणाच्या फोनवर किंवा जुन्या कॉम्प्युटरवर ते अकाउंट कधी उघडलेलं का ते विचारा. एक सूचना, पासवर्ड अंदाजाने पुन्हा पुन्हा टाकत बसू नका, अकाउंट लॉक होऊ शकतं आणि मग अजून वेळ जातो.

लॉगिन झालं की वेबसाइटवर हा रस्ता आहे:

```
MY ACCOUNT > My Transactions > Booked Ticket History
```

अॅपमध्ये हेच My Bookings मध्ये मिळतं. आणि Booked Ticket History मध्ये सगळ्यात वर आजोबांचं तिकीट होतं. गाडी तीच, तारीख तीच, पीएनआर पडलेला. म्हणजे फोन आला तेव्हा मागे सर्व्हरवर काम व्यवस्थित झालेलं, फक्त निरोप चुकीच्या दारात गेलेला.

आजोबांना फोनवर सांगितलं तर ते म्हणाले, "मग मला काय कळणार बाबा, माझ्या मोबाइलवर न्हाई आलं म्हंजे न्हाई."

तिथे तिकीट नसेल तर

Booked मध्ये नसेल तर त्याच मेनूमध्ये Failed Transaction History आहे, ते उघडा. तिथे तुमचा व्यवहार दिसला तर दुसरी शक्यता, पैसे गेले पण बुकिंग झालं नाही. हे बहुतेक वेळा असं होतं की पैशाचा निरोप उशिरा पोचला, तोवर सेशन संपलं. आता नवीन तिकीट काढायला हरकत नाही, उलट लगेच काढा कारण जागा जातात. जुन्या पैशांसाठी वेगळा अर्ज सहसा लागत नाही, ते ज्या खात्यातून गेले त्याच खात्यात परत येतात.

किती दिवसात? रिझर्व्ह बँकेचा 2019 चा नियम आहे की यूपीआयने दुकानदाराला पैसे भरताना खात्यातून कटले पण समोर पोचल्याची खात्री झाली नाही, तर व्यवहाराच्या दिवसानंतर 5 दिवसांत ते आपोआप परत आले पाहिजेत, आणि त्यापुढे उशीर झाला तर दिवसाला 100 रुपये भरपाई. पण इथे एक खाच आहे, हा नियम पैसे मधेच लटकले त्यासाठी आहे. पैसे आयआरसीटीसीला नीट पोचले आणि नंतर तिकीट झालं नाही म्हणून त्यांनी परत केले, तर तो सरळ रिफंड झाला, त्याला तुमची बँक जबाबदार नाही. म्हणून आधी Failed ची यादी बघायची आणि मग कुणाशी भांडायचं ते ठरवायचं. यादीत दिसत असेल तर आयआरसीटीसी, कुठल्याच यादीत नसेल आणि पैसे कटलेले असतील तर बँक.

पायरी 5: पीएनआर दुसऱ्या ठिकाणी पडताळा

यादीत दिसलं तरी एकदा रेल्वेच्या बाजूने खात्री करा. सगळ्यात सोपं म्हणजे साध्या मेसेजने, स्मार्टफोन नसला तरी चालतं. हे लिहून 139 वर पाठवायचं:

```
PNR <10 अंकी नंबर>
```

किंवा indianrail.gov.in वर पीएनआर टाका. आकडा चुकला असेल तर FLUSHED PNR / PNR NOT YET GENERATED असं काहीतरी येतं, ते बघून घाबरू नका, आधी आकडे परत जुळवा. प्रवास होऊन गेलेल्या जुन्या पीएनआरलाही हेच येतं. पण कुणी दुसऱ्याने दिलेला पीएनआर पुन्हा पुन्हा नीट टाकूनही हेच दाखवत असेल तर मात्र शंका घ्या.

स्टेटसमध्ये दोन रकाने असतात आणि नवीन माणूस चुकीचा वाचतो. Booking Status म्हणजे तिकीट काढलं त्या क्षणी काय होतं, ते कधीच बदलत नाही. Current Status म्हणजे आत्ता काय आहे. आजोबांचं बुकिंगला WL होतं आणि आत्ता RAC झालेलं. आजोबांनी पहिला रकाना वाचून "वेटिंग आहे रे" म्हणून परत डोक्याला हात लावला. आरएसी म्हणजे गाडीत चढायचा हक्क आहे, बसायला जागा आहे, बाजूचा खालचा बर्थ दोघांत मिळून, आणि पुढे कुणी रद्द केलं तर पूर्ण बर्थ मिळतो. ई-तिकीट चार्ट बनल्यावरही पूर्ण वेटिंगवरच राहिलं तर ते आपोआप रद्द होतं आणि पैसे परत येतात, त्या तिकिटावर गाडीत चढायचं नाही. काउंटरच्या वेटिंग तिकिटाचं असं आपोआप रद्द होत नाही, त्यामुळे जुन्या लोकांच्या डोक्यात तेच पक्कं बसलेलं असतं, त्यांना हा फरक मुद्दाम सांगा.

जाता जाता, पुरुषांना 60 आणि बायकांना 45 वर्षांनंतर खालच्या बर्थचा वेगळा कोटा असतो, एकटे किंवा दोघं असे प्रवासी असतील तर. पुढच्या वेळी तिकीट काढताना कोटा म्हणून LOWER BERTH/SR.CITIZEN निवडून बघा, तिथे जागा असेल तर वेटिंगची भानगडच येत नाही. भाड्यातली ज्येष्ठांची सवलत मात्र मार्च 2020 पासून बंद आहे, ती या कोट्याने मिळत नाही.

पायरी 6: मेसेज का आला नाही ते शोधून दुरुस्त करा

तिकीट सापडलं की लोक इथे थांबतात आणि पुढच्या वेळी परत तेच होतं.

My Profile मध्ये जाऊन बघितलं तर नंबर होता आजोबांच्या जुन्या सिमचा, जे त्यांनी रिचार्ज करणं सोडून दिलेलं आणि बंद पडलेलं. आणि ईमेल होता कुणाचा तरी भलत्याचाच, आमच्यापैकी कुणाचा नाही. आजोबांना बऱ्याच वेळाने आठवलं की हे अकाउंट पूर्वी एका नेट कॅफेवाल्याने उघडून दिलेलं, आजोबांना ईमेल नव्हता म्हणून त्याने स्वतःचा टाकला असणार. सगळा खुलासा झाला.

हे वाटतं तेवढं साधं नाही बरं का. बंद झालेला नंबर कंपनी कायम मोकळा ठेवत नाही, 90 दिवस तरी थांबतात आणि नंतर तो दुसऱ्या ग्राहकाला दिला जाऊ शकतो. म्हणजे आजोबांच्या तिकिटाचा मेसेज, नाव, गाडी, तारीख, डबा, हे सगळं एखाद्या अनोळखी माणसाच्या फोनवर जाऊ शकतं, आणि पासवर्ड बदलायचा ओटीपी पण. म्हणून नंबर बदलणं आजच्या आज करा.

Update Profile मध्ये नवीन नंबर आणि स्वतःचा ईमेल टाकायचा, ओटीपीने व्हेरिफाय करायचा. एक नंबर आणि एक ईमेल एकाच अकाउंटला चालतो, त्यामुळे तुमचा नंबर आधीच दुसऱ्या आयडीला जोडलेला असेल तर घेणार नाही. घरात सगळ्यांनी एकाच्याच नंबरावर खाती उघडायचा प्रयत्न केला की हे होतं. मग पासवर्डही बदला.

आता एक गोष्ट जी कुणी सांगत नाही. प्रोफाइलमध्ये नंबर बदलला म्हणून आधीच काढलेल्या तिकिटावरचा नंबर बदलेल असं धरून चालू नका. त्या तिकिटाचे पुढचे निरोप, चार्ट बनल्यावर कुठला डबा कुठला बर्थ वगैरे, हे जुन्याच नंबरावर जाऊ शकतात. त्यामुळे त्या प्रवासापुरतं मेसेजची वाट बघायची नाही, स्वतः स्टेटस बघायचं, आदल्या दिवशी एकदा आणि निघायच्या आधी एकदा. आजोबांचं मी पुण्यातून बघत होतो, चार्ट बनला आणि पूर्ण बर्थ मिळाला, तो त्यांना मोठ्या अक्षरात व्हॉट्सअॅप केला.

प्रवासाच्या दिवशी

Booked Ticket History मधून तिकीट उघडून प्रिंट काढता येते किंवा पीडीएफ फोनमध्ये ठेवता येते. प्रिंट सक्तीची नाही, मोबाइलवर दाखवलं तरी चालतं, पण सोबत ओळखपत्र मूळ पाहिजे, झेरॉक्स नाही. आधार, मतदार कार्ड, पॅन, पासपोर्ट, लायसन्स यातलं काहीही. ओळखपत्र नसेल तर ई-तिकीट असूनही विनातिकीट धरू शकतात. आजोबांसारख्यांना मी तरी प्रिंटच देतो, फोनची बॅटरी दौंडपर्यंतच टिकली तर पुढे नागपूर खूप लांब आहे.

फोन करायचाच असेल तर कुठे

रेल्वेची चौकशी आणि तक्रार 139. ऑनलाइन तिकीट आणि पैशांबद्दल आयआरसीटीसीचा 14646. सांगताना यूपीआय रेफरन्स, रक्कम, तारीख, वेळ आणि युजर आयडी तयार ठेवा. पासवर्ड, पिन, ओटीपी कुणीही मागणार नाही आणि मागितला तर फोन ठेवून द्या.

कस्टमर केअरचा नंबर गुगलवर शोधू नका, हे मी हात जोडून सांगतो. तिथे वर येणारे कित्येक नंबर ठगांचे असतात, "रिफंड देतो, एवढं अॅप टाका" म्हणून स्क्रीन शेअर करायला लावतात आणि खातं रिकामं करतात. तसंच सोशल मीडियावर तक्रार करताना पीएनआर आणि मोबाइल नंबर सगळ्यांना दिसेल असा टाकू नका, ते वाचून "आम्ही रेल्वेतून बोलतोय" असे फोन येतात. पैसे गेलेच तर लगेच 1930 वर फोन करा आणि cybercrime.gov.in वर तक्रार नोंदवा, जितकं लवकर तितके पैसे अडवता येण्याची शक्यता जास्त.

पैसे दुकानदाराला गेले असतील तर

पायरी 2 मध्ये समोर माणसाचं किंवा दुकानाचं नाव आलं तर तुमच्या अकाउंटमध्ये काहीच दिसणार नाही कारण तिकीट तुमच्या आयडीवर काढलेलंच नाही. ते दुकानदाराच्या आयडीवर आहे, पीएनआर फक्त त्याच्याकडे आहे, आणि त्याने मोबाइलच्या रकान्यात स्वतःचा नंबर टाकला असेल तर मेसेज त्याच्याकडेच पडलाय. त्याला गाठून पीएनआर मागा आणि तिथेच उभं राहून 139 ला मेसेज करून बघा. "उद्या देतो" म्हणाला तर बऱ्याचदा अर्थ असा की तिकीट अजून काढलेलंच नाही.

अधिकृत एजंटने काढलेल्या तिकिटाच्या प्रिंटवर एजंटची माहिती छापलेली असते. ती नसेल आणि वर कुणाचं तरी खाजगी अकाउंट असेल तर तो स्वतःच्या आयडीवर तिकीट काढून विकतोय, आणि हा रेल्वे कायदा 1989 च्या कलम 143 खाली गुन्हा आहे, 3 वर्षांपर्यंत कैद किंवा 10 हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. घरच्यांसाठी, मित्रांसाठी आपल्या आयडीवरून काढणं चालतं, धंदा चालत नाही. तुम्हाला याचा त्रास असा की असा आयडी रेल्वेने बंद केला तर त्यावरची तिकिटंही अडकू शकतात.

रद्द करायचं असेल तरी त्याच दुकानात जावं लागतं कारण पैसे आधी त्याच्या खात्यात परत जातात. अधिकृत एजंट असेल तर रिफंडच्या वेळी तिकिटावरच्या मोबाइलवर ओटीपी येतो, तो तुम्ही एजंटला द्यायचा आणि पैसे घ्यायचे, म्हणूनच तिकीट काढताना तिथे तुमचाच नंबर टाकलाय ना हे दुकानातून बाहेर पडायच्या आधी स्क्रीनवर बघून घ्या. दुकानदार कंटाळला तर कंटाळू दे.